आई, घोडा आणि गळून पडलेली व्यंजनं

'मामा मा मा मा?' नुकतं बोलायला लागलेल्या बाळाच्या तोंडून हे ऐकलं तर मराठी घरात कौतुक होईल. बीजिंगमध्ये मात्र हे एक पूर्ण आणि व्याकरणशुद्ध वाक्य आहे. त्याचा अर्थ 'आई घोड्याला रागावते का?' असा होतो. पाच अक्षरं, पाचही 'मा'. पहिली दोन मिळून आई, तिसरं रागावणं, चौथा घोडा आणि पाचवं म्हणजे आपल्या 'येतोस का?', 'जेवलास का?' मधला 'का'. चिनी माणूस हे वाक्य बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही, कारण त्याच्या कानाला हे पाच 'मा' सारखे वाटतच नाहीत. सारखे ते आपल्याला वाटतात.

फरक आहे तो सुराचा. चीनची प्रमाणभाषा असलेल्या मँडरिनमध्ये चार सूर आहेत आणि पाचवा एक हलका, जेमतेम उच्चारला जाणारा प्रकार आहे. देवनागरीत ते दाखवायची सोय नाही, म्हणून इथे अक्षरापुढे सुराचा क्रमांक लिहिला आहे. मा१ म्हणजे आई, मा२ म्हणजे ताग किंवा अंबाडीसारखं धाग्याचं झाड, मा३ म्हणजे घोडा, मा४ म्हणजे रागावणं, शिव्या देणं. आणि नुसता हलका 'मा' म्हणजे 'का'. वरचं वाक्य त्यामुळे असं होतं: मा१-मा मा४ मा३ मा?

कागदावर या शब्दांची गंमत आणखी खुलते. चिनी लिपीत घोड्याचं एक चिन्ह आहे. आईचं अक्षर लिहिताना डावीकडे 'स्त्री' हे चिन्ह काढतात आणि उजवीकडे चक्क घोडा. रागावणं लिहायचं तर घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडं काढायची. प्रश्नार्थक 'मा' लिहायचा तर घोड्याशेजारी एक तोंड. आईचा आणि घोड्याचा काही संबंध जोडण्याचा यात हेतू नाही. हे अक्षर 'घोड्यासारखं' उच्चारायचं एवढंच तो घोडा सांगतो, आणि शेजारचं चिन्ह अर्थाचा विभाग सांगतं. ज्यांनी ही अक्षरं बनवली त्यांनाही हे शब्द एकाच घराण्यातले वाटत होते, पण एकच नव्हे. सूर कोणता ते मात्र अक्षर सांगत नाही. ते ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं.

सूर म्हणजे नेमकं काय, हे समजायला बोटं गळ्यावर ठेवून 'आ' म्हणून पाहावं. आत स्वरयंत्रात दोन स्वरतंतू कंप पावत असतात. पुरुषाच्या गळ्यात बोलताना ते सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा हलतात, स्त्रीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. तंतू ताणले की कंप वाढतात आणि आवाज चढतो, सैल पडले की उतरतो. चारही 'मा' म्हणताना ओठ आणि जीभ एकच काम करतात. बदलतो तो फक्त या ताणाचा आलेख, तोही सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात.

हा आलेख कागदावर उतरवण्याची सर्वांत सुटसुटीत रीत १९३० साली युआन-रन चाओ या भाषाशास्त्रज्ञाने मांडली. त्यांनी माणसाच्या बोलण्याच्या पट्टीचे पाच भाग केले. १ म्हणजे त्या माणसाचा खालचा आवाज, ५ म्हणजे वरचा. या मोजपट्टीवर पहिला सूर ५५ आहे, म्हणजे वर सुरू होऊन वरच सपाट राहणारा. दुसरा ३५, मध्यापासून वर चढणारा. तिसरा २१४, खाली जाऊन मग वळणारा. चौथा ५१, वरून थेट खाली पडणारा. हे आकडे कुठल्याही ठरलेल्या कंपनसंख्येचे नाहीत, हे चाओंनी केलेलं खरं काम. जाड आवाजाच्या आजोबांचा ५ हा नातीच्या १ पेक्षाही खाली असू शकतो. तरी दोघांचं बोलणं दोघांना कळतं, कारण समोरच्याची पट्टी कुठून कुठवर जाते याचा अंदाज कान दोन-चार शब्दांतच बांधतात. त्यामुळे 'मला गाता येत नाही, मला चिनी कसं जमणार' ही भीती अनाठायी आहे. षड्ज लावायची इथे गरजच नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि मराठी माणसासाठी ती जास्त खोल आहे. आवाजाचा चढउतार आपण काही कमी वापरत नाही. 'आला.' आणि 'आला?' यांत फरक फक्त शेवटच्या चढाचा. 'बरं' हा एक शब्द होकार, कंटाळा, धमकी आणि समजूत असं काहीही सांगू शकतो. पण या सगळ्यात 'बरं'चा मूळ शब्द बदलत नाही. बदलते ती बोलणाऱ्याची वृत्ती. मराठी मेंदूने लहानपणापासून सूर भावनेच्या खात्यात टाकलेला असतो आणि शब्दाचा अर्थ स्वर-व्यंजनांच्या खात्यात. चिनी मुलाच्या डोक्यात सूर हा शब्दाचाच अवयव असतो, जसा आपल्याला 'काल' आणि 'कल' यांतला 'आ'. कुणी 'काल'ऐवजी 'कल' म्हटलं तर आपण 'जरा नीरस बोलला' असं म्हणत नाही, वेगळाच शब्द बोलला असं म्हणतो.

याचा फटका कसा बसतो ते 'माइ' या एका अक्षरावर पाहू. माइ३ म्हणजे विकत घेणं आणि माइ४ म्हणजे विकणं. परकीयांना हा दुष्टावा वाटतो: बाजारात सर्वांत जास्त लागणारे दोन विरुद्धार्थी शब्द, आणि अंतर फक्त सुराचं. आता समजा, एखादा मराठी विद्यार्थी दुकानात एका वस्तूकडे बोट दाखवून 'विकायला आहे का?' असं विचारायला जातो. त्याला शब्द आठवतो, माइ४. प्रश्न आहे म्हणून तो सवयीने शेवटी आवाज चढवतो. झालं, वरून खाली पडणारा सूर खालून वर चढला आणि माइ४चा माइ२ झाला. माइ२ म्हणजे पुरणं, मातीत गाडणं. दुकानदार त्याच्याकडे बघत राहतो, आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपला उच्चार अगदी पुस्तकासारखा होता.

मग चिनी लोक प्रश्न विचारतात तरी कसे? एक सोय म्हणजे तो शेवटचा हलका 'मा'. मराठीतल्या 'का'सारखा तो वाक्याच्या टोकाला बसतो आणि आवाज चढवण्याचं काम स्वतःवर घेतो. दुसरी सोय अशी की, प्रश्न विचारताना ते सगळ्या वाक्याचीच पट्टी थोडी वर उचलतात. चौथा सूर तेव्हाही खालीच पडतो, फक्त जरा वरच्या जिन्यावरून. भावना आणि शब्द असे दोन्ही सूर एकाच आवाजात नांदतात, एकमेकांच्या वाटेत न येता.

नवशिक्यांच्या पुस्तकांत दुसरा सूर शिकवताना 'नीट ऐकू आलं नाही की आपण जसं काय? म्हणतो तसा' असं सांगितलेलं असतं, आणि चौथा 'दटावून गप! म्हणतो तसा'. पहिल्या दिवशी ही युक्ती कामाची आहे. पण ती तिथेच सोडून द्यावी. नाहीतर सूर पुन्हा भावनेच्याच खात्यात जाऊन बसतो, आणि विद्यार्थी दुसऱ्या सुराचा प्रत्येक शब्द आश्चर्याने व चौथ्या सुराचा प्रत्येक शब्द रागाने बोलू लागतो.

पण मुळात हे सूर आले कुठून? घेणं आणि विकणं या दोन शब्दांना एकाच अक्षरात कोंबण्याची अवदसा कुणाला आठवली? याचं उत्तर असं की, ते कधी एकाच अक्षरात नव्हते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी भाषेत सूर नव्हते, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. शब्दांच्या शेवटी व्यंजनं होती. 'घेणं' या शब्दाच्या टोकाला घशात आवाज पटकन तोडणारा एक आघात होता. 'विकणं' हा त्याच शब्दाला मागे 'स'चा प्रत्यय लावून बनवलेला होता. आपल्याकडे क्रय आणि विक्रय यांची मुळी एकच आहे. संस्कृतने पुढे उपसर्ग लावला, चिनीने मागे प्रत्यय. घोड्याच्या शब्दालाही शेवटी तोच घशातला आघात होता, म्हणून घोडा आणि घेणं आज एकाच, तिसऱ्या सुरात सापडतात.

आता, घसा पटकन बंद करायचा तर स्वरतंतू आधीपासून ताणावे लागतात, आणि ताणले की आवाज चढतो. शेवटी 'स' किंवा 'ह'सारखा वारा सोडायचा तर तंतू सैल करावे लागतात, आणि आवाज उतरतो. सुरुवातीला हा चढ-उतार व्यंजनाचा नुसता सोबती होता, कुणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं. पुढे शतकानुशतकं शेवटची व्यंजनं झिजत गेली आणि अखेरीस गळून पडली. पण शब्द तर वेगळे ठेवायला हवे होते. मग सोबत्यानेच मालकाची जागा घेतली. व्यंजन गेलं, त्याच्यामागे त्याचा सूर उरला. त्यानंतरही या सुरांचे आकार बदलत राहिले. तिसऱ्या सुराचं जुनं चिनी नाव 'चढता' आहे आणि आज बीजिंगमध्ये तोच सगळ्यांत खालचा सूर आहे.

ही कल्पना फ्रेंच अभ्यासक आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी १९५४ साली व्हिएतनामी भाषेच्या निमित्ताने मांडली, आणि चिनीतही असंच झालं असावं हे पुढच्या संशोधकांनी दाखवत नेलं. त्यांच्या हाती लागलेल्या पुराव्यांपैकी एक तर थेट आपल्याकडून गेलेला आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्या सुरुवातीच्या भिक्षूंनी भारतीय नावं चिनी अक्षरांत बसवली होती. वाराणसीचं त्यांनी केलेलं रूप आज 'पो१-लुओ२-नाइ४' असं वाचलं जातं, आणि श्रावस्तीचं 'श४-वेइ४'. शेवटच्या अक्षरांत 'स'चा मागमूस नाही. पण ती दोन्ही अक्षरं बरोबर त्याच सुरातली आहेत ज्याच्या मागे 'स' असावा असं इतर पुराव्यांवरून वाटत होतं. भिक्षूंनी 'णसी'मधला आणि 'वस्ती'मधला 'स' ऐकून तशाच टोकाची अक्षरं निवडली होती. नंतर चिनी माणसाच्या तोंडातून 'स' गेला आणि काशीच्या नावात चौथा सूर तेवढा राहिला.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर अमृतसरपर्यंत गेलं तरी पुरे. पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीचे घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण आता राहिलेले नाहीत. त्यांच्या जागी क, च, ट, त, प आले आणि गेलेल्या वर्णाची भरपाई म्हणून पुढचा स्वर खालच्या सुरात गेला. गुरुमुखीत आजही 'घोडा' असंच लिहितात, पण ऐकू येतो तो खालच्या सुरातला 'कोडा'. तोच शब्द सरळ सुरात म्हटला तर चाबूक होतो आणि वरच्या सुरात म्हटला तर कुष्ठरोगी. हिंदी सिनेमामुळे आपल्या कानावर पडणारा 'पाजी' हा मुळात 'भाजी' आहे, म्हणजे भाऊ आणि त्यापुढचा आदराचा 'जी'. पंजाबी माणूस तो 'पा' खालून उचलतो, आपण तो सपाट म्हणतो. म्हणजे सुराने शब्द बदलण्याची किमया करायला चिनीच असावं लागतं असं नाही. व्यंजन झिजायला लागलं आणि शब्द वेगळे ठेवण्याची निकड असली, की ती कुठेही घडू शकते.

आता जरा त्या तिसऱ्या सुराकडे परत यायला हवं, कारण शिकणाऱ्यांचं सर्वांत मोठं नुकसान तोच करतो. चाओंच्या मोजपट्टीवर तो २१४ आहे, खाली जाऊन वर येणारा. पुस्तकात त्याची खूण 'v'सारखी असते, शिक्षकही हवेत बोटाने तशीच काढून दाखवतात, आणि वर्ग मनापासून प्रत्येक 'मा३' खोल दरीतून वर काढतो. पण असा पूर्ण तिसरा सूर फक्त शब्द एकटा असेल किंवा वाक्याच्या टोकाला असेल तेव्हाच ऐकू येतो, आणि तिथेही दर वेळी नाही. बोलण्याच्या ओघात तो नुसता खाली जातो आणि खालीच राहतो, २१. बऱ्याच जणांचा आवाज तिथे किंचित चिरकतोही. विद्यार्थी वाक्याच्या मध्येच तो वर काढायला लागला की ऐकणाऱ्याला शेवटचा चढ तेवढा ठळक ऐकू येतो, आणि चढ म्हणजे दुसरा सूर. घ्यायला गेलेला माणूस पुन्हा पुरायलाच निघतो.

त्यातून दोन तिसरे सूर एकापुढे एक आले तर पहिला आपोआप दुसरा होतो. 'नी हाओ' हा चीनमधला नमस्कार सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्यातले दोन्ही शब्द तिसऱ्या सुरातले, नी३ म्हणजे तू आणि हाओ३ म्हणजे बरा. बोलताना मात्र तो नी२ हाओ३ होतो. लिहिताना खूण तिसऱ्याचीच ठेवतात. दोनदा खोलात जाणं गळ्याला नकोसं वाटतं, म्हणून पहिल्याला वर चढवून दुसऱ्यासाठी उडी घ्यायला जागा केली जाते.

आता हाच नियम 'घोडा विकत घेणे' याला लावून पाहू. माइ३ मा३. दोन तिसरे सूर शेजारी, म्हणून उच्चार होतो माइ२ मा३. आणि माइ२ मा३ म्हणजे तर 'घोडा पुरणे'! इथे चिनी माणसाच्या कानालाही फरक सापडत नाही. घोडा विकत घेतला की पुरला, हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरूनच ठरवावं लागतं. सुरांचं एवढं काटेकोर राज्य असलेल्या भाषेने आपल्याच नियमाने दोन शब्द एक करून टाकावेत, आणि कुणाचंही त्यावाचून अडू नये, हे या भाषेबद्दल बरंच काही सांगतं.

यावरून सरावाची दिशाही ठरते. मा१, मा२, मा३, मा४ असा पाढा घोकणं सोपं असतं आणि त्याचा उपयोग थोडा, कारण माणसं असे एकेकटे मा बोलत नाहीत. दोन अक्षरांच्या जोड्या पाठ करणं जास्त फळतं: पहिल्यापुढे चौथा, चौथ्यापुढे दुसरा, तिसऱ्यापुढे पहिला, अशा चार गुणिले चार सोळा. त्यातली तिसऱ्यापुढे तिसरा ही जोडी बोलताना दुसऱ्यापुढे तिसरा अशीच होते, म्हणजे प्रत्यक्षात पंधराच उरल्या. आपला सूर बरोबर लागला का, हे कानाला कळत नसेल तर डोळ्यांना विचारता येतं. आम्सटरडॅम विद्यापीठात तयार झालेली Praat नावाची मोफत संगणकप्रणाली आहे. तिच्यात आवाज ध्वनिमुद्रित केला की त्याच्या चढउताराची रेघ पडद्यावर उमटते. चिनी वक्त्याची माइ४ ची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. आपली रेघ शेवटी जराशी वर वळलेली दिसली, की समजावं, मराठी प्रश्न अजून गेलेला नाही.

मराठी भाषकाला या अभ्यासात एक आयती सवलतही आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला भेद श्वासाच्या झोतावर चालतो, आणि तो आपल्या बाराखडीतच बसलेला आहे. तो भाग आपण सहज ओलांडतो. उरतात ते सूर.

सूर चुकला तर दर वेळी अनर्थ होतो का? चिनी शिकवणाऱ्यांना असे किस्से सांगायला आवडतात. थांग१ म्हणजे सूप, थांग२ म्हणजे साखर. छिंग३ वन४ म्हणजे 'जरा विचारू का?' आणि छिंग३ वन३ म्हणजे 'मुका घ्या'. श्वेइ४-च्याओ४ म्हणजे झोपणं, श्वेइ३-च्याओ३ म्हणजे पाण्यात उकडलेल्या करंज्या, त्यामुळे दमून आलेला पाहुणा 'मला झोपायचंय' म्हणतो आणि यजमान स्वयंपाकघराकडे वळतो. यातले किती किस्से खरंच घडले हा प्रश्नच आहे. रात्री अकराला डोळे चोळत कुणी काही म्हणालं, तर तो करंज्या मागत नाही हे कुणालाही कळतं. प्रयोगशाळेत चिनी वाक्यांतला सगळा चढउतार संगणकाने सपाट करून ऐकवला, तेव्हा शांत खोलीत बसलेल्या चिनी श्रोत्यांना ती जवळपास नेहमीइतकीच समजली. मागे गोंगाट सोडला तेव्हा मात्र त्यांचं आकलन चांगलंच घसरलं. म्हणजे सूर नसला तर संदर्भ भरून काढतो, पण बाजारात, रेल्वे स्टेशनवर, फोनवर संदर्भाला एकट्याने ते ओझं पेलत नाही. आणि नवशिक्याचा सूर नुसता नसतो असं नाही, तो चुकीचा असतो. ऐकणाऱ्याला तो दुसऱ्याच शब्दाकडे बोट दाखवतो.

जिथे संदर्भ काहीच मदत करत नाही अशी जागा म्हणजे नावं. चीनमध्ये शेजारीशेजारी दोन प्रांत आहेत, शान१-शी१ आणि शान३-शी१. रोमन लिपीत सुरांच्या खुणा गाळल्या की दोघांचं स्पेलिंग एकच होतं, Shanxi. म्हणून दुसऱ्या प्रांताला एक जादा a बहाल केला गेला, Shaanxi. नकाशावर हा अक्षराचा फुगवटा टायपिंगची चूक वाटतो, पण तो तिसरा सूर आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात ते धरून पाच डॉक्टर होते, नागपूरचे चोळकर त्यांतले एक. या पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी एकच अक्षर आलं, ह्वा२, म्हणजे चीन. कोटणीस झाले ख१ ती४-ह्वा२. तिथली भाषा शिकून ते तिच्यातच विद्यार्थ्यांना शिकवू लागले, आणि १९४२च्या डिसेंबरमध्ये तिथेच गेले. रोमनमधून मराठीत येणारं 'के दिहुआ' हे त्यांचं नाव आपण सपाट वाचतो. त्यातला शेवटचा सूर पहिला लागला तर ह्वा१ म्हणजे फूल, चौथा लागला तर ह्वा४ म्हणजे बोलणं किंवा चित्र. चीनमधल्या माणसाला ओळख पटते ती चढत्या ह्वा२ नेच.

घेणं-विकणं यांचा घोळ चिनी भाषेने स्वतःच्या व्यवहारापुरता केव्हाच सोडवला आहे. मोबाइलवर टाइप करताना सूर लिहावा लागत नाही. mai एवढं टाइप केलं की दोन्ही अक्षरं पडद्यावर येतात आणि वापरणारा हवं ते निवडतो. दोघांत फरक इतकाच की, 'विकणं'च्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी एक जादा खूण असते. शेअर बाजारात एका अक्षराच्या चुकीने लाखो युआन इकडचे तिकडे होऊ शकतात, म्हणून तिथे नुसतं माइ कुणी म्हणत नाही. 'माइ३-रू४' म्हणजे घेऊन आत आणणं आणि 'माइ४-छू१' म्हणजे विकून बाहेर काढणं. कान सुराला चुकला तरी 'रू' आणि 'छू' यांत चुकत नाही. आणि रोजच्या बोलण्यातला धंदा-व्यापाराचा शब्द आहे 'माइ३-माइ', म्हणजे घेणं आणि विकणं एकापुढे एक. त्यातल्या दुसऱ्या माइचा सूर आता हलका होऊन गेला आहे. 'स' गळून त्याचा सूर झाला होता, आणि या एका शब्दापुरता तो सूरही विरला.